ऐकायचं राहिलं तर काय विचारावं

वर्गात, फोनवर किंवा बैठकीत एखादं वाक्य निसटलं की बहुतेकांना दोनच वाटा दिसतात. एक, मान डोलावून पुढे जायचं आणि मग शेजाऱ्याला विचारायचं. दुसरी, ‘काय? परत सांगता का?’ असं म्हणायचं. पहिली वाट धोक्याची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी सभ्य वाटते, पण तीही फारशी कामाची नाही, कारण नेमकं काय निसटलं हे समोरच्याला त्यातून कळत नाही. ‘कृपया’, ‘प्लीज’, ‘सॉरी’ कितीही जोडले, तरी सगळं पुन्हा सांगण्याचा भार त्याच्यावरच पडतो.

प्रश्नाचे तीन प्रकार

संभाषणाच्या अभ्यासकांनी या छोट्या प्रश्नांकडे बारकाईने पाहिलं आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स यांचा बोलण्यातल्या चुका-दुरुस्तीवरचा निबंध 1977 साली आला. पुढे 2015 साली मार्क डिंगमान्स आणि सहकाऱ्यांनी जगातल्या 12 भाषांमधल्या घरगुती गप्पांची ध्वनिमुद्रणं तपासली. ‘अं?’, ‘कोण?’, ‘काय म्हणालास?’ अशा प्रकारचा प्रश्न सरासरी दीड मिनिटाच्या आतच एकदा येतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे पुन्हा विचारणं ही बोलण्यातली अडचण नाही, रोजची रीतच आहे.

त्यांनी या प्रश्नांचे तीन प्रकार केले. पहिला मोकळा: ‘अं?’, ‘काय?’ यात काहीतरी चुकलं एवढंच कळतं, काय चुकलं ते कळत नाही. दुसरा नेमका: ‘कोण आलं म्हणालात?’ यात बाकीचं कळलं, फक्त माणसाचं नाव राहिलं, हे समोरच्याला समजतं. तिसरा पडताळणीचा: ‘गुरुवारी, असंच ना?’ यात ऐकणारा आपला अंदाज मांडतो आणि बोलणाऱ्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. शक्य तिथे माणसं सर्वांत नेमका प्रश्न निवडतात, हे या सगळ्या भाषांमध्ये दिसलं. घरी आपण हे न शिकवता करतो. अनोळखी माणसासमोर किंवा साहेबांसमोर मात्र घाबरून मोकळ्या प्रश्नावर येतो.

एक फोन, तीन प्रश्न

नाशिकजवळच्या द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये नवी लागलेली मुलगी फोन घेते आहे, असं समजा. पलीकडे वाहतुकीचं काम पाहणारे वयस्क गृहस्थ आहेत आणि मागे ट्रकचं इंजिन चालू आहे.

‘ताई, गाडी उद्या पहाटे साडेपाचला लागेल. पहिल्या खेपेला एकोणसाठ पेट्या द्या, उरलेल्या दुपारी.’

मुलीला ऐकू येतं ते ‘एकोणस…’ एवढंच. एकोणसाठ की एकोणसत्तर? फरक दहा पेट्यांचा आहे.

समजा, तिने विचारलं, ‘काय म्हणालात? परत सांगा ना.’ काका सगळं पुन्हा सांगतील, बहुधा जरा मोठ्याने आणि जरा घाईने. आकडा पुन्हा इंजिनाच्या आवाजात बुडू शकतो. शिवाय पुन्हा सांगताना माणूस शब्द बदलतो. ‘साडेपाच’चं ‘पाच-साडेपाच’ झालं, तर आधी नीट ऐकलेलीही वेळ डळमळीत होईल.

समजा, तिने विचारलं, ‘काका, पेट्या किती म्हणालात?’ हे पुष्कळ बरं. वेळ कळली आहे, खेपांचं कळलं आहे, फक्त संख्या हवी आहे, हे काकांना समजलं. ते म्हणतील, ‘एकोणसाठ.’ पण अडचण त्या शब्दाच्या शेवटातच आहे. तोच शब्द त्याच गोंगाटात पुन्हा आला, तर तो पुन्हा तसाच तुटू शकतो.

आणि समजा, तिने विचारलं, ‘काका, पेट्या पाच-नऊ की सहा-नऊ?’ तर ‘पाच-नऊ’ एवढ्या उत्तरात काम संपतं. तिने दोन शक्यता समोर ठेवल्या आणि आकडे सुटे केले. पाच आणि सहा यांची गल्लत होण्याची शक्यता फार कमी.

इथे एक खाच आहे. ‘एकोणसाठ ना?’ असं तिने विचारलं असतं, तर काका ‘हो हो’ म्हणून मोकळे झाले असते, मग त्यांनाही ते नीट ऐकू आलेलं असो वा नसो. घाईतला माणूस होकार पटकन देतो. म्हणून एकच अंदाज पुढे करण्यापेक्षा दोन पर्याय देणं जास्त भरवशाचं. आणि ज्या रूपात आकडा निसटला, त्याच रूपात तो परत म्हणू नये.

मराठी संख्या आणि टेलिफोन

आपल्या संख्यावाचनात ही गल्लत जागोजागी दबा धरून बसलेली आहे. सत्तेचाळीस-सत्तावन्न, त्रेपन्न-त्रेसष्ट, पंचावन्न-पंच्याण्णव अशा जोड्यांत फरक शेवटच्या तुकड्यात असतो आणि फोनवर नेमका तोच पुसट होतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला! भाषेच्या सौंदर्याची बाजू बाजूला ठेवली, तर फोनवर पैशांचा आकडा पडताळताना ‘साठ दोन’ हे ‘बासष्ट’पेक्षा सुरक्षित आहे, एवढं मला तरी मान्य करावं लागतं.

अक्षरांचंही असंच होतं. जुन्या पद्धतीचा फोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोचवतो. स, श, फ यांसारख्या घर्षणाच्या आवाजांची बरीचशी ओळख त्याहून वरच्या पट्ट्यात असते. म्हणून समोरासमोर स्वच्छ ऐकू येणारं आडनाव फोनवर भलतंच वाटतं. हल्लीच्या फोनवर रुंद पट्ट्याचा आवाज मिळतो, पण दोन्ही बाजूंना आणि मधल्या जाळ्यात तशी सोय असली तरच. अशा वेळी ‘परत सांगा’पेक्षा ‘प पतंगातला की ब बदकातला?’ हा प्रश्न लवकर निकाल लावतो. इंग्रजी अक्षरांसाठी ‘एम मुंबईचा की एन नागपूरचा?’ असं विचारलं तरी चालतं. यात कोणाला हसू आलं तर येऊ द्यावं.

ऐकू आलं नाही की कळलं नाही?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रश्नात त्या वेगळ्या दिसायला हव्यात. ‘पुन्हा सांगा’ म्हटलं की बोलणारा आधी हेच धरून चालतो, की ऐकू आलं नसावं. तो तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणतो. अर्थच लागला नसेल, तर त्याने काहीच साधत नाही. दोघेही वैतागतात आणि आपण मठ्ठ आहोत असं उगीच वाटू लागतं.

वर्गात हे रोज घडतं. गणिताचे सर फळ्यावर समीकरण सोडवत आहेत. मागच्या बाकावरून ‘सर, समजलं नाही’ असं आलं, तर सरांपुढे प्रश्न पडतो की कुठपासून सांगू? बहुतेक वेळा ते पहिल्या ओळीपासून सुरू करतात आणि ज्यांना कळलंय ते खिडकीबाहेर पाहू लागतात. त्याऐवजी ‘सर, दुसऱ्या ओळीतून तिसरीत जाताना उणे चिन्ह कुठून आलं?’ असं विचारलं, तर उत्तर अर्ध्या मिनिटाचं असतं. अडलेली जागा दाखवणारा प्रश्न आधीचं कळल्याची पावतीही देतो, म्हणून शिक्षकाला तो आवडतो.

टिपणं घेताना मात्र साधं ऐकायचंच राहतं. तिथे शेवटचे पकडलेले शब्द सांगावेत: ‘बाई, “म्हणून या कराराला” इथपर्यंत लिहिलं, पुढचं सुटलं.’ बाई तिथूनच सुरू करतात, मागचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागत नाही.

‘म्हणजे काय?’ हा प्रश्न जपून वापरावा. मित्राला चालतो. बैठकीत तोच प्रश्न आव्हानासारखा ऐकू येतो, विशेषतः आवाज जरा चढला तर. ‘म्हणजे पहिला हप्ता मालाआधी द्यायचा, असं मी समजू का?’ यात शंका तीच आहे, पण भांडणाचा सूर नाही.

ऑनलाइन बैठकीत

‘आवाज तुटतोय’ ही तक्रार झाली, विनंती नव्हे. कुठून तुटला ते कळलं, तरच बोलणाऱ्याला काही करता येतं. ‘निविदेची तारीख इथवर ऐकू आलं, तारीख नाही आली’ हे वाक्य पुरेसं आहे. आवाज पोचायला क्षणभर उशीर होत असल्याने मध्ये बोलायला गेलं की दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. हात वर केल्याची खूण किंवा चॅटमध्ये एक ओळ, एवढ्याने भागतं. ती ओळही लगेच लिहावी. दहा मिनिटांनी ‘मघाशी तुम्ही काय म्हणालात’ विचारलं, तर सगळ्यांनाच मागे जावं लागतं.

कनिष्ठ माणसाला वरिष्ठांना थांबवणं जड जातं, हे खरं आहे. त्यावर एक जुना उपाय आहे. बैठकीचा वृत्तांत लिहिण्याचं काम स्वतःहून अंगावर घ्यावं. ‘साहेब, वृत्तांतात किती रक्कम लिहू?’ असं विचारणाऱ्याला कोणी लक्ष देत नव्हतास का म्हणत नाही. नव्या माणसाने पहिले काही महिने तरी हे काम सोडू नये, असं माझं मत आहे.

दोनदा विचारूनही कळलं नाही तर

तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. त्याच मार्गाने ते शब्द पोचत नाहीत, हे दोनदा सिद्ध झालेलं असतं. मग मार्ग बदलावा: ‘काका, इथे फार गोंगाट आहे, आकडा मेसेज करता का?’ किंवा ‘मी लिहून पाठवते, चुकलं असेल तर सांगा.’ दोष नेहमी जागेवर, लाइनवर किंवा आपल्या ऐकण्यावर ठेवावा, समोरच्याच्या उच्चारांवर कधीच नाही. ज्याला ऐकायला कमी येतं, त्याच्याशी बोलताना तोच शब्द ओरडून म्हणण्यापेक्षा दुसरे शब्द वापरून सांगणं बहुतेक वेळा लवकर पोचतं.

पत्ता, रक्कम, तारीख आणि औषधाची मात्रा या चार गोष्टी मात्र पहिल्याच खेपेला स्वच्छ ऐकू आल्या, तरी फोन ठेवण्याआधी वाचून दाखवाव्यात. विमानाचा वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना मिळाल्यावर ती परत म्हणून दाखवतो, तसंच. औषधाबाबत तर ‘अर्धी गोळी, दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ हे डॉक्टरांना ऐकवून त्यांच्याकडून ‘बरोबर’ आल्याशिवाय फोन ठेवूच नका.