डिस्कवरचा मुका बिघाड आणि महिन्याचा स्क्रब

साठवून ठेवलेल्या माहितीतले काही बिट परस्पर बदलतात आणि तो बदल डिस्कच्याही लक्षात येत नाही, संगणकाच्याही नाही आणि वापरणाऱ्याच्याही नाही. या प्रकाराला 'बिट रॉट' म्हणतात. फाइलचे नाव तेच राहते, आकार तोच राहतो, शेवटच्या बदलाची तारीखही जुनीच दिसते. आतला मजकूर तेवढा वेगळा झालेला असतो. युनिकोडमध्ये 'क' हे अक्षर तीन बाइटांत साठवले जाते. त्यातल्या शेवटच्या बाइटमधला एक ठरावीक बिट उलटला की 'क'चा 'ग' होतो आणि 'काळ'चा 'गाळ'. देवनागरी '२' आणि '६' यांच्यातही एकाच बिटाचा फरक आहे. म्हणजे हिशेबातल्या २,५०० चे ६,५०० होऊ शकतात आणि फाइल तक्रार न करता उघडते. फोटोच्या बाबतीत बिघडलेल्या जागेपासून खालचे चित्र करडे पडते किंवा रंग सरकतात. झिप फाइल बहुधा उघडतच नाही किंवा उघडताना चूक दाखवते, आणि त्यातल्या त्यात हे बरे, कारण बिघाड निदान कळतो.

डिस्क बिघाड ओळखतच नाही, असे नाही. प्रत्येक सेक्टरसोबत ती चूक दुरुस्त करणारा कोड लिहिते. त्याच्या जोरावर किरकोळ चुका आतल्या आत सुधारल्या जातात आणि सुधारता आल्या नाहीत तर डिस्क 'वाचता येत नाही' असे स्पष्ट सांगते. मुका बिघाड घडतो तो या कोडच्या आवाक्याबाहेर. केबल, कंट्रोलर किंवा रॅममध्ये बिट उलटतो आणि डिस्क तो चुकलेला मजकूरच इमानेइतबारे साठवते. फर्मवेअरमधल्या दोषामुळे डिस्क एखादा ब्लॉक भलत्याच जागी लिहिते. कधी तर लिहिल्याचे कळवते, पण प्रत्यक्षात लिहीतच नाही. या सर्व प्रसंगी सेक्टर आणि त्याचा कोड एकमेकांशी जुळतात, म्हणून डिस्कच्या दृष्टीने सारे ठीक असते.

हा केवळ तर्क नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्राने २००७ मध्ये एक साधी चाचणी केली. तीन हजारांहून अधिक संगणकांवर दर दोन तासांनी सुमारे दोन जीबीची ठरलेल्या मजकुराची फाइल लिहायची आणि परत वाचून ताडून पाहायची. पाच आठवड्यांत शंभर संगणकांवर मिळून पाचशे चुका सापडल्या. त्यांतल्या बऱ्याचशा चुकांचे मूळ डिस्कचे फर्मवेअर आणि कंट्रोलर कार्ड यांच्या न जुळण्यात निघाले. २००८ मध्ये नेटॲप कंपनीच्या साठवण यंत्रणांतील सुमारे १५.३ लाख डिस्कांचा ४१ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चेकसम न जुळणारे चार लाखांहून अधिक ब्लॉक नोंदले गेले होते.

एकाच माहितीच्या दोन डिस्कांवर दोन प्रती ठेवणे, म्हणजे मिरर, हा जुना उपाय आहे. डिस्क मेली तर तो कामी येतो, मुक्या बिघाडापुढे मात्र अडतो. दोन प्रतींत फरक दिसला तरी खरी कोणती, हे साध्या मिररला ठरवता येत नाही. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो आणि तो म्हणजे चेकसम: ब्लॉकमधल्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेली छोटी संख्या. एक बिट बदलला तरी ही संख्या बदलते.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू आहरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम २००५ मध्ये खुली झाली. तिने चेकसम कुठे ठेवायचा याचा नीट विचार केला, आणि सारी मेख तिथेच आहे. चेकसम ब्लॉकच्या शेजारीच ठेवला तर 'लिहिले म्हणून कळवले, पण लिहिलेच नाही' ही चूक पकडता येत नाही: त्या जागी जुना ब्लॉक असतो, त्याच्या शेजारी जुना चेकसम असतो आणि दोन्ही छान जुळतात. झेडएफएसमध्ये चेकसम ब्लॉकपाशी नसतो. त्या ब्लॉकचा पत्ता ज्या वरच्या ब्लॉकमध्ये नोंदलेला असतो, तिथे पत्त्यासोबतच चेकसमही नोंदतात. वरच्या ब्लॉकचा चेकसम त्याच्याही वरच्या ब्लॉकमध्ये, असे करत ही साखळी थेट मुळापर्यंत जाते. पत्ता सांगणाराच 'तिथे काय सापडले पाहिजे' हेही सांगत असल्यामुळे जुना, भलत्या जागचा किंवा बदललेला ब्लॉक वाचताक्षणी उघडा पडतो. मग झेडएफएस दुसऱ्या डिस्कवरची प्रत वाचते, तिचा चेकसम जुळला तर ती वापरणाऱ्याला देते आणि बिघडलेल्या प्रतीच्या जागी चांगली प्रत लिहून टाकते.

मात्र हे घडते ते ब्लॉक वाचला गेला तरच. लग्नाचे जुने फोटो किंवा दहा वर्षांपूर्वीची कागदपत्रे वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. आणि रोज उघडली जाणारी फाइलही पुरेशी तपासली जात नाही, कारण मिररमधल्या दोन प्रतींपैकी एका वेळी एकच वाचली जाते, आणि पुष्कळदा तर रॅममध्ये राहिलेली प्रतच पुढे येते. त्यामुळे फाइल रोज नीट उघडत असतानाही तिची दुसऱ्या डिस्कवरची प्रत सडलेली असू शकते.

ही उणीव स्क्रब भरून काढतो. `zpool scrub tank` ही आज्ञा दिली की `tank` नावाच्या साठ्यातला वापरात असलेला प्रत्येक ब्लॉक, त्याच्या सर्व प्रतींसह, वाचला आणि ताडला जातो. रिकामी जागा वाचली जात नाही. साठा या काळात वापरता येतो, थोडा मंदावतो एवढेच. चार टीबीच्या दोन डिस्कांच्या मिररवर २.८ टीबी माहिती आहे आणि डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी वाचते, असे धरले तर साधारण पाच तास लागतात. स्क्रब संपल्यावर `zpool status` असे काही दाखवते:

```
  scan: scrub repaired 128K in 05:12:40 with 0 errors on Sun Mar  9 05:36:44 2025
config:
        NAME        STATE     READ WRITE CKSUM
        tank        ONLINE       0     0     0
          mirror-0  ONLINE       0     0     0
            sda     ONLINE       0     0     0
            sdb     ONLINE       0     0     1
```

या उदाहरणात `sdb` डिस्कवरच्या एका ब्लॉकचा चेकसम जुळला नाही. झेडएफएसमधला ब्लॉक सहसा जास्तीत जास्त १२८ केबीचा असतो, म्हणून तेवढाच मजकूर `sda` वरून घेऊन दुरुस्त झाला. `0 errors` चा अर्थ चूक झालीच नाही असा नाही, दुरुस्त न झालेली चूक उरली नाही असा आहे. `READ` च्या रकान्यात शून्य आहे, म्हणजे डिस्कने वाचताना कुठलीच अडचण कळवली नव्हती. हाच तो मुका बिघाड. अशा वेळी `zpool clear tank` ने आकडे शून्यावर आणायचे आणि पुढच्या स्क्रबकडे लक्ष ठेवायचे. त्याच डिस्कवर पुन्हा चूक आली तर आधी केबल बदलून पाहावी आणि तरीही थांबले नाही तर डिस्क बदलावी. दोन्ही डिस्कांवर एकदम चुका दिसू लागल्या तर संशय डिस्कांवर नव्हे, तर दोघींना सामाईक असलेल्या रॅम, कंट्रोलर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा.

लवकर शोधण्याचा आग्रह का, हे हेच उदाहरण पुढे नेले की कळते. स्क्रब झालाच नसता तर `sdb` वरचा तो ब्लॉक तसाच राहिला असता. दोन वर्षांनी `sda` बंद पडली, नवी डिस्क बसवली, की सगळी माहिती `sdb` वरूनच उतरवावी लागते. सडका ब्लॉक तेव्हा सापडतो, आणि ज्या प्रतीवरून तो सुधारता आला असता ती तर नुकतीच गेलेली असते. मग `zpool status -v` बिघडलेल्या फाइलचे नाव दाखवते आणि ती फाइल बॅकअपमधून परत आणावी लागते. बॅकअपच्या जुन्या प्रती तोवर पुसल्या गेल्या असतील तर तोही मार्ग बंद. म्हणून दोन स्क्रबमधले अंतर बॅकअपच्या प्रती जितके दिवस टिकवल्या जातात त्यापेक्षा कमी असावे. घरच्या किंवा छोट्या कार्यालयाच्या साठ्याला महिन्यातून एकदा पुरते.

डेबियन आणि उबंटूमध्ये झेडएफएस बसवले की महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मध्यरात्रीनंतर चोवीस मिनिटांनी, स्क्रब सुरू करणारी नोंद आपोआप येते. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. रात्री संगणक बंद ठेवला जात असेल तर ती वेळ नुसती निघून जाते; सकाळी चालू केल्यावर कोणी तो स्क्रब भरून काढत नाही. असे महिनोन्‌महिने चालू राहू शकते. `zpool status` मधल्या `scan` च्या ओळीत शेवटच्या स्क्रबची तारीख असते, ती पाहिली की हे लगेच उघडकीला येते. झेडएफएसच्या नव्या आवृत्त्यांसोबत `zfs-scrub-monthly@tank.timer` हा टायमर मिळतो. तो चालू केला तर चुकलेली पाळी संगणक सुरू झाल्यावर घेतली जाते. निकाल कळण्याचीही व्यवस्था हवी. `zed` ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा चुका आढळल्यास ईमेल पाठवते, पण तिच्या सेटिंगमध्ये पत्ता भरलेला आणि संगणकावरून ईमेल जात असला तरच.

लिनक्सवरच्या बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्येही चेकसम आणि स्क्रब आहेत. तिथे `btrfs scrub start` ही आज्ञा चालते. विंडोजची नेहमीची एनटीएफएस किंवा लिनक्सची एक्स्ट४ मजकुराचे चेकसम ठेवत नाही, त्यामुळे त्यांच्यावर असा स्क्रब करताच येत नाही.

स्क्रबला न दिसणारेही बरेच आहे. चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये बिट उलटला तर चुकलेल्या मजकुराचाच चेकसम काढला जातो आणि पुढचे सगळे स्क्रब त्याला बरोबर ठरवतात. म्हणून महत्त्वाच्या साठ्यासाठी चुका सुधारणारी ईसीसी रॅम घेतात. चुकून पुसलेली फाइल किंवा व्हायरसने बदललेला मजकूरही स्क्रबच्या नजरेला रीतसर लिहिलेलाच दिसतो. एकच डिस्क असेल तर स्क्रब बिघाड शोधतो, पण फाइलचा मजकूर दुरुस्त करायला दुसरी प्रत नसते. फोल्डरांची रचना आणि पत्ते यांच्या मात्र झेडएफएस एका डिस्कवरही दोन प्रती ठेवते, त्या वाचू शकतात. कपाटात ठेवलेली, झेडएफएसवर घेतलेली बॅकअपची डिस्क तर वेळापत्रकात येतच नाही. ती बॅकअपसाठी जोडली की काढण्याआधी तिच्यावरही स्क्रब चालवून निकाल पाहावा लागतो.