चिमीचा निकाल आणि तीन इमोजी

माझी मामेबहीण राज्य कर निरीक्षक झाली. संध्याकाळी साडेसहाला यादी लागली आणि सातच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर एकतीस मेसेज पडले. त्यातल्या सव्वीस जणांनी ‘हार्दिक अभिनंदन 💐💐🙏’ एवढंच लिहिलं होतं. आदल्याच आठवड्यात नात्यातले एक आजोबा गेले, तेव्हाही याच ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली 💐💐🙏’ अशी रांग लागली होती. फुलं तीच, हात तेच, फक्त मधले दोन शब्द बदललेले.

माझा पहिला खर्डाही काही फार वेगळा नव्हता: ‘अभिनंदन मॅडम!!! 🎉🎉🔥🔥💯👑💪 आता काय, साहेबच झालीस 😎’ पाठवायच्या आधी वाचून पाहिला, तर तो लग्नाच्या मांडवावरच्या दिव्यांच्या माळेसारखा दिसत होता. मुकुट, आग, शंभर गुण या सगळ्यातून ‘बघा आमची बहीण’ असं ऐकू येत होतं. म्हणजे मेसेज तिच्यासाठी कमी आणि ग्रुपवरच्या बाकीच्यांसाठी जास्त. चिमी त्यात कुठेच नव्हती.

‘साहेब झालीस’ हे लिहायलाही घाईच होती. या पदाला आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा. मुलाखत नसते. त्यानंतर गुणवत्ता यादी येते, पण ती शेवटची नव्हे. ज्यांना दुसरीकडे जायचंय त्यांना प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय देतात आणि मग शिफारस झालेल्यांची अंतिम यादी लागते. हातात नियुक्तिपत्र पडायला पुढे आणखी महिने जातात. पूर्वपरीक्षा निघाली की मामा पेढे वाटतात आणि मुख्य परीक्षेत गाडी अडली की तेच पेढे मुलांच्या घशात अडकतात. म्हणून आधी मामीला फोन करून यादी कुठली ते विचारलं. अंतिम होती. मग लिहायला बसले.

इमोजी मला चेहऱ्यासारखा वाटतो. बोलताना आपण वाक्य संपवतो आणि समोरच्याकडे बघून हसतो. ते हसू वाक्याच्या शेवटी येतं, दर शब्दाला नाही. म्हणून आधी शब्दांत काहीतरी घडू द्यायचं आणि मग एकच चिन्ह ठेवायचं. शब्दांत काही नसेल तर दहा चिन्हांनीही ते येत नाही. माझे एक दृष्टिहीन स्नेही फोनकडून मेसेज वाचून घेतात. फोन त्यांना प्रत्येक चिन्हाचं नाव उच्चारून सांगतो. सहा फटाके पाठवले, तर त्यांना एकच नाव सहादा ऐकावं लागतं.

🙏 मी काढून टाकला. मी चिमीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. धाकटीला कुणी हात जोडतं का? डोळ्यांत पाणी आलेला 🥹 मात्र फार मनात होता, कारण खरंच तसं झालं होतं. पण ते चिन्ह 2021च्या यादीत आलेलं आणि चिमी अजून अभ्यासिकेतल्या दिवसांतला जुना फोन वापरते. त्यावर चेहऱ्याऐवजी रिकामा चौकोन उमटला असता.

शेवटी गेला तो मेसेज असा:

‘चिमे, यादीत तुझं नाव दिसलं आणि मी रिक्षातच ओरडले. रिक्षावाल्या काकांनी गाडी बाजूला घेतली, त्यांनाही सांगून टाकलं 😄 तीन वर्षं गणपतीत तू सदाशिव पेठेत मेसचा डबा खात होतीस. यंदा एकवीस मोदक तूच वळायचे, सुटका नाही 🥳 मामी रडत असेल तर रडू दे, फोन उद्या करते ❤️’

तीन वाक्यसमूह, तीन चिन्हं, आणि एकही दोनदा नाही. रिक्षा, डबा आणि मोदक काढून टाकले, तर हा मेसेज कुणालाही चालेल. ते आहेत म्हणून तो फक्त तिचा आहे.

हा मी ग्रुपवर टाकला नाही, तिला एकटीला पाठवला. त्याच ग्रुपवर माझा आत्तेभाऊही आहे. त्यानेही हीच परीक्षा दिली होती आणि त्याचं नाव यादीत नव्हतं. ग्रुपवर मी फक्त ‘चिमे, फार आनंद झाला 🎉’ एवढं लिहिलं. एकच फटाका. त्याला मात्र फोन केला आणि निकालाचं काही बोललेच नाही. रविवारी जेवायला ये म्हटलं.

रात्री अकराला चिमीचं उत्तर आलं: ‘ताई, एकवीस नाही, अकरा. आणि उकड तू काढायचीस 😄’