दारामागचा कागद

बिरवाडीच्या लॉजवर मुक्कामाला येणारे बहुतेक महाड एमआयडीसीतल्या कामाचे. कोणी मशीन दुरुस्त करायला, कोणी टँकर घेऊन. त्यांच्या खोल्यांच्या दारामागे लावायची आगीची सूचना मराठी-इंग्रजीत सोपी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

जुन्या कागदावर होतं, ‘आपत्कालीन प्रसंगी उद्वाहनाचा वापर करण्यात येऊ नये.’ उद्वाहन म्हणजे लिफ्ट, हे रूमबॉयलाही ठाऊक नव्हतं. मी ‘लिफ्टचा वापर करू नका’ केलं, तरी एक अडचण राहिली. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. घाबरलेला माणूस ‘लिफ्टचा वापर’ एवढंच वाचून धावला तर? म्हणून जे करायचं तेच आधी ठेवलं : ‘जिन्यानेच उतरा. लिफ्ट नको.’

दाराच्या सूचनेत उलट मराठीच कामी आली. इंग्रजी मजकूर आधी ‘दार उघडू नका’ म्हणत होता, आणि कधी ते मागून सांगत होता. मराठीत अट आपसूक पुढे येते : ‘दाराला हाताची मागची बाजू लावा. गरम लागलं तर दार बंदच ठेवा. फटीत ओला टॉवेल कोंबा. 101 ला फोन करा. खिडकीतून कपडा हलवा.’ इंग्रजीही मग याच क्रमाने लिहिलं : ‘डोअर हॉट? कीप इट शट.’

वायुगळतीच्या सूचना मात्र वेगळ्या कागदावर घेतल्या. आगीत बाहेर पडायचं असतं. कारखान्यातून विषारी वायू सुटला तर बहुधा दारं-खिडक्या लावून, एसी बंद करून, पुढची सूचना येईपर्यंत आत थांबायचं असतं. दोन्ही एकाखाली एक लिहिलं तर माणूस घाईत चुकीची ओळ उचलेल.

नकाशाची सगळ्या खोल्यांना एकच झेरॉक्स होती. पण 204 मधून बाहेर पडलं की जिना उजवीकडे, समोरच्या 203 मधून डावीकडे. तिथे सगळे नकाशे त्या-त्या दारासमोर उभं राहून काढले आणि खाली शब्दांत वाट लिहिली. 204 साठी : ‘खाली वाका. उजवा हात भिंतीला. तिसरं दार जिन्याचं.’ 206, 208, मग जिना.

रूमबॉय म्हणाला, “सर, मी डोळे मिटून जाऊन बघतो.” ओणवा होऊन, भिंत चाचपत गेला आणि तिसरं दार उघडून थेट चादरींच्या ढिगात शिरला. 208 च्या पुढचं ते कपाट माझ्या मोजणीत नव्हतं. त्यावर खोलीचा नंबर नाही, म्हणून मला ते दार वाटलंच नव्हतं. धुरात नंबर कोणाला दिसणार? हाताला दार ते दारच.

204 च्या कागदावर आता ‘चौथं दार’ आहे. 203 च्या कागदावर तिसरंच.