तिकीट एकशे ऐंशीचं, सिनेमा चारशे दहाचा

माझी भाची पुण्यात अकरावीला आहे. महिन्याला 1500 रुपये पॉकेटमनी मिळतो. तो कुठे जातो हे कळावं म्हणून तिनं वही केली. तारीख, कुठे गेलो, आधी किती वाटलं, खरे किती गेले, एवढेच रकाने. यातला ‘किती वाटलं’ हा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अंदाज कुठे चुकतो ते तिथेच उघडं पडतं.

सिनेमासमोर तिनं 180 लिहिले होते. ऑनलाइन बुकिंगचे 30, पॉपकॉर्नचा वाटा 120 आणि जाता-येता रिक्षाचा वाटा 80 धरून गेले 410. तिकीट निम्म्याहून कमीच! आपण बेत आखताना फक्त तिकीट धरतो. जाणं-येणं आणि खाणं हिशेबात येतच नाही.

महिनाअखेरीस मात्र वही गडबडली. खर्च 1650 दिसत होता, आणि हातात 300 शिल्लक होते. मिळाले 1500, मग हे कसं? पानं उलटल्यावर सापडलं: वाढदिवसाच्या पार्टीचं चौघींचं 600 रुपयांचं बिल तिनं यूपीआयनं भरलं आणि सगळंच आपल्या नावावर लिहिलं. मैत्रिणींनी परत केलेले 450 लिहायचे राहिले. ते वजा केल्यावर चार वेळच्या भटकंतीचा खरा आकडा आला 1200. तिचा अंदाज सातशेचा होता.

आता ती उसने दिलेले पैसे वेगळ्या पानावर लिहिते आणि दर रविवारी वहीतली शिल्लक खात्यातल्या नि पाकिटातल्या पैशांशी ताडून पाहते.