चौदा हजारांचा फ्रिज

समजा, पुण्यातलं भाड्याचं घर जूनअखेर सोडायचंय आणि पाच वर्षं वापरलेला दोन दारांचा फ्रिज त्याआधी विकायचाय. ओएलएक्सवर तसेच फ्रिज १४,००० रुपयांना दिसतात, म्हणून मेच्या सुरुवातीला आपणही तोच आकडा टाकतो. गोम इथेच आहे. ज्यांचा फ्रिज गेला, त्यांनी जाहिरात काढून टाकलेली असते. आपल्याला दिसतात त्यातल्या बऱ्याचशा किमती अजून कोणी न दिलेल्या. महिनाभर लटकलेल्या जाहिरातीवरून भाव ठरवू नये.

जाहिरात ताजी असते तेव्हा ती वर दिसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या हालचालीकडे नीट बघावं. कोणी विचारतच नसेल तर आधी फोटो तपासावेत. ‘फायनल किती?’ विचारून माणसं गायब होत असतील तर भाव चढा आहे. पण लोक घरी येऊन, दाराचं रबर चाचपून परत जात असतील, तर भाव उतरवण्याआधी ते रबर बदला, नाहीतर जाहिरातीतच तसं लिहा.

भाव उतरवायचा तर जाणवेल एवढा. १४,००० चे १३,७०० केल्याने कोणाचंच मन बदलत नाही, आणि दर दोन दिवसांनी शे-दोनशे कमी केले तर गिऱ्हाईक आणखी थांबून बघतं. दुसऱ्या आठवड्यात ११,९००, चौथ्यात ९,९००. दहाच्या आत येण्याला कारण आहे: शोधताना बरेच जण कमाल रक्कम १०,००० अशी गोल घालतात, त्यांना १०,२०० चा फ्रिज दिसतच नाही. त्याच दिवशी जुन्या चौकशीवाल्यांनाही नवा भाव कळवावा. पहिल्या आठवड्यात ‘नऊ देतो’ म्हणणारा, तेव्हा आपल्याला उर्मट वाटलेला माणूस, बहुधा सगळ्यात खरा गिऱ्हाईक असतो. (न बघताच पूर्ण रक्कम कबूल करून क्यूआर कोड पाठवणाऱ्याला मात्र यात धरू नये. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.)

थांबायचं कुठवर, हे जुन्या सामानाच्या दुकानदाराला विचारून ठरतं. तो ४,५०० म्हणाला तर तो आपला तळ. मग पाचव्या आठवड्यात कोणी ८,५०० देऊ केले, तर आणखी थांबून मिळाले तर हजारभर जास्त मिळतील. दुसऱ्या बाजूला उन्हाळा सरलेला, फ्रिजची मागणी ओसरलेली, आणि नव्या घरी न्यायचा झाला तर टेम्पो-हमालीतच तो हजार जाणार. इथे ‘हो’ म्हणावं.

असं गिऱ्हाईक आलंच नाही, तर घर सोडायच्या आठ दिवस आधी दुकानदाराला बोलवावं. तो येईपर्यंत फ्रिज चालूच ठेवावा. बंद फ्रिज दिसला की कॉम्प्रेसर गेला असेल असं धरूनच तो भाव बोलतो.