बाण गेला, सावली राहिली

सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेसाठी स्क्रीनशॉट हवा असतो आणि आलेल्या चित्रात सभासदांच्या यादीवर मध्येच माऊसचा बाण उभा असतो. तीच खिडकी अजून उघडी असेल तर बाण बाजूला सारून पुन्हा शॉट घ्यावा, त्याहून सोपं काही नाही. पण बऱ्याचदा शॉट दुसऱ्या कुणी पाठवलेला असतो आणि ती स्थिती पुन्हा पडद्यावर येणार नसते. मग बाण खोडावा लागतो.

इथे फोटो सुधारायची सवय आडवी येते. चेहऱ्यावरचा डाग घालवणारा हीलिंग ब्रश आजूबाजूचे रंग एकमेकांत मिसळून जागा भरतो. त्वचेला ते खपतं. स्क्रीनशॉटमध्ये मात्र शेजारचे दोन पिक्सेल बहुतेक ठिकाणी एकतर तंतोतंत सारखे असतात, नाहीतर एकदम वेगळे. एका पिक्सेलची रेघ त्या ब्रशखाली आली की तिचा धुरकट पट्टा होतो. त्यामुळे इथे रंगवत बसायचं नाही; त्याच चित्रातला योग्य तुकडा उचलून ठिगळ लावायचं.

एक उदाहरण घेऊ. यादीतल्या ओळी आलटून पालटून पांढऱ्या आणि फिक्या करड्या आहेत, प्रत्येक ओळ २८ पिक्सेल उंच. शेवटच्या रकान्यात ‘सक्रिय’ हा शब्द आहे आणि बाणाने त्यातला ‘य’ आणि खालच्या ओळीची सीमारेषा झाकली आहे. साध्या पडद्यावर हा बाण जेमतेम १२ बाय १९ पिक्सेलचा असतो. आता दोन ओळी वर पाहा: तोच रंग, तोच शब्द, तीच रेघ. गिम्पमध्ये चित्र ८०० टक्के मोठं करून तिथला, बाणापेक्षा सगळीकडून चार-पाच पिक्सेल मोठा चौकोन निवडायचा. निवडीच्या कडा मऊ करणारा Feather edges पर्याय बंद हवा. कॉपी, पेस्ट आणि मग बरोबर ५६ पिक्सेल खाली. आडवं एक पिक्सेलही सरकवायचं नाही. माऊसने ओढण्यापेक्षा कीबोर्डवरच्या बाणांनी सरकवलेलं बरं. दोन ओळी वर ‘थकबाकीदार’ लिहिलेलं असेल तर चार ओळी वर जायचं आणि ११२ पिक्सेल खाली यायचं.

लगतच्या ओळीतला ‘य’ का नको? अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून तिथले पिक्सेल अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग मिसळून काढलेले असतात. करड्या ओळीतलं अक्षर पांढऱ्या ओळीत आणलं तर त्याच्याभोवती मळकट चौकट दिसते. दुसऱ्या रकान्यातला ‘य’सुद्धा धोक्याचाच, कारण तो अर्धा-पाव पिक्सेल इकडेतिकडे बसलेला असू शकतो आणि मग त्याच्या कडांच्या छटा बदलतात. शिरोरेषेची जाडी शेजारच्या अक्षराशी जुळली नाही की डोळा लगेच तिथे अडतो.

सर्वांत जास्त फसवते ती सावली. अनेकदा बाणाच्या उजव्या-खालच्या बाजूला अगदी पुसट सावली असते. ठिगळ नेमकं बाणाएवढंच कापलं तर ती मागे उरते आणि पडद्यावर सहसा लक्षातही येत नाही. तपासायला Colors > Levels उघडून डावीकडचा काळा त्रिकोण उजव्या टोकाजवळ न्यायचा. फिक्या छटा गडद होतात आणि उरलेली सावली डागासारखी उठून दिसते. पाहून झालं की बदल रद्द करायचा.

चित्र जेपेग असेल तर काम किचकट होतं. जेपेग ८ बाय ८ च्या चौकटींत चित्र दाबतं, त्यामुळे बाणाभोवतीही बारीक कचरा पसरलेला असतो. रंगांचा तपशील अनेकदा १६ बाय १६ च्या चौकटीत साठवलेला असतो. नोटिफिकेशनचा लाल ठिपका काढल्यावरही भोवती गुलाबी झाक राहते ती यामुळेच. अशा वेळी ठिगळ मोठं घ्यावं आणि जमलं तर १६ च्या पटीत सरकवावं, म्हणजे कचऱ्याची नक्षीही जुळते. त्यापेक्षा मूळ पीएनजी फाइल मागवणं शहाणपणाचं. चॅटवरून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी.

त्या लाल ठिपक्याची अडचण आणखी वेगळी. तो आयकॉनचा कोपरा झाकतो आणि खालचं चित्र त्या शॉटमध्ये कुठेच नसतं. आयकॉनची चौकट दोन्ही बाजूंना सारखी असेल तर डावा कोपरा उलटवून उजवीकडे बसवता येतो. चौकटीवर एका बाजूने चकाकी असेल तर मात्र उलटवलेला कोपरा चटकन ओळखू येतो. मग त्याच मापाचा, ठिपका नसलेला दुसरा शॉट शोधावा लागतो.

रकमेचा आकडा झाकला गेला असेल तर शेजारचे अंक उचलून तो जुळवायचा नाही. तिथे बाण तसाच ठेवावा किंवा अख्खा रकाना झाकून टाकावा. आणखी एक गोष्ट सुटते: बाण ज्या ओळीवर असतो ती बहुधा वेगळ्या रंगात उजळलेली असते. बाण गेला तरी ती ओळ निळीच राहते आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही निवडायची आहे. त्या निळ्यावर नुसता पांढरा रंग ओतला तर अक्षरांच्या कडांत निळं अडकून राहतं. ती ओळ काढून खालच्या ओळी वर घ्याव्यात, तर पट्ट्यांचा आलटून पालटून क्रम मोडतो. म्हणून एकदम दोन ओळी काढायच्या.