11 स्पूल म्हणजे किती तास?

‘सप्रेम नमस्कार. माझे वडील मराठीचे प्राध्यापक होते. 1966 ते 1974 या काळात व्याख्यानमालांमध्ये दिलेली भाषणे त्यांनी स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवली होती. मागच्या वर्षी ते गेले. कपाट आवरताना 11 स्पूल मिळाले. ते सगळे पेन ड्राइव्हवर घ्यायचे आहेत. कृपया कोटेशन पाठवावे.’

जुन्या फितींवरचा आवाज संगणकावर उतरवून देणाऱ्या एका छोट्या स्टुडिओला आलेली ही मेल. उत्तर त्याच दिवशी गेलं, पण त्यात रुपयांचा आकडा नव्हता. ‘ताई, स्पूल किती यावर दर ठरत नाही, आवाज किती तासांचा आहे यावर ठरतो. खोक्यांचे आणि प्रत्येक स्पूलचे फोटो पाठवा. काहीही वाजवून बघू नका.’

फोटो आले. स्पूल 7 इंचांचे, खोक्यावर 1800 फूट असं छापलेलं, आणि शेजारी वडिलांच्या अक्षरात ‘3¾, दोन्ही बाजू’. कोटेशनचं निम्मं काम या एवढ्या मजकुराने झालं. 3¾ म्हणजे फीत सेकंदाला पावणेचार इंच पळते. 1800 फुटांचे 21,600 इंच, त्याला 3.75 ने भागलं की 5,760 सेकंद, म्हणजे 96 मिनिटं. पाव इंच रुंदीच्या फितीच्या वरच्या अर्ध्या भागावर एक बाजू, मग स्पूल उलटा लावून खालच्या अर्ध्यावर दुसरी. एका स्पूलवर तीन तास बारा मिनिटं, अकरा स्पूलवर 35 तास. ताईंच्या मनात होते अकरा तास, स्पूलमागे एक या हिशेबाने. कॅसेटवर वाढलेल्या पिढीचा अंदाज असाच चुकतो.

हा आकडासुद्धा अंदाजच असतो. फीत महाग होती, त्यामुळे पैसे वाचवायला लोक वेग निम्मा करून 1⅞ वर घ्यायचे. तसं असेल तर तास दुप्पट. काही घरगुती यंत्रं फितीवर दोनाऐवजी चार पट्टे उमटवायची. उलट, व्याख्यान तासाभरात संपलं असेल तर पुढची फीत कोरीही असते. म्हणून जाणता स्टुडिओ तासाचा दर, तपासणीचा वेगळा आकार आणि दुरुस्ती लागली तर तिचा वेगळा, असं लिहून देतो. ‘11 स्पूलचे एकरकमी इतके’ असं जो न बघताच सांगतो, तो एक तर स्वतः तोट्यात जाईल किंवा घाईत काम उरकेल. बहुतेक वेळा दुसरंच होतं.

स्पूल हातात आले की पहिली तपासणी खिडकीपाशी होते. स्पूल आडवा धरून गुंडाळ्याच्या कडेतून उजेड आरपार येतो का, ते बघायचं. आला तर फितीचा पाया अॅसिटेटचा. काळाठिक्कर दिसला तर पॉलिस्टरचा. अॅसिटेट वयाने ठिसूळ होतं आणि ताण पडला की कटकन तुटतं. तुटलेली टोकं स्वच्छ असतात, त्यामुळे जोडता येतात. पॉलिस्टर तुटायच्या आधी ताणलं जातं आणि ताणलेला आवाज परत सरळ होत नाही. मग वास घ्यायचा. खोकं उघडताच शिरक्याचा वास आला तर अॅसिटेट कुजायला लागलं आहे. त्या फिती आधी घ्यायच्या आणि बाकीच्यांपासून लांब ठेवायच्या. ताईंच्या अकरांत तीन अशा निघाल्या. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. ती साफ केल्याशिवाय फीत यंत्रावर चढवली तर यंत्रही खराब होतं आणि पुढच्या फितीही.

इथे एक सावधगिरी. ‘जुन्या टेप ओव्हनमध्ये भाजाव्या लागतात’ असं कुणी सरसकट सांगितलं तर आपले स्पूल उचलून घरी यावं. भाजणं हा उपाय आहे खरा, पण तो सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या काही पॉलिस्टर फितींसाठी. त्यांचं चुंबकीय थर धरून ठेवणारं रसायन हवेतला ओलावा शोषून चिकट होतं. फीत वाजताना किंचाळते आणि हेडवर तपकिरी चिखल सोडते. साधारण 54 अंशांवर काही तास ठेवली की ती थोडे आठवडे वाजण्याजोगी होते. अॅसिटेटची फीत मात्र तशी भाजली तर कायमची जाते.

यंत्र म्हणाल तर स्टुडिओत रिव्हॉक्स बी 77 आहे, 1977 साली बाजारात आलेलं स्विस यंत्र. तीन मोटर, त्यामुळे फितीवरचा ताण आवरता येतो. त्याचं रेकॉर्डिंग इथे तोडून ठेवलेलं आहे, कारण चुकून दाबलेलं एक बटण पन्नास वर्षं टिकलेलं भाषण पुसू शकतं. या यंत्राचं हेड स्टिरिओ आहे, म्हणजे फितीचे दोन्ही अर्धे एकदम वाचतं. ताईंच्या वडिलांची फीत लावली की डाव्या स्पीकरमधून व्याख्यान आणि उजव्यातून त्याच वेळी दुसरी बाजू उलटी ऐकू येते. शब्द न कळणारी, श्वास आत ओढत बोलल्यासारखी. नवख्या माणसाला वाटतं फीत बिघडली. जाणत्याला कळतं की या फितीवर दोन पट्टे आहेत, आणि वेळ निम्म्यावर आणता येईल. दोन्ही बाजू एकदम उतरवायच्या आणि दुसरी संगणकावर सुलटी करायची. 35 तासांचा ऐवज साडेसतरा तासांत निघतो. कोटेशनमध्ये ही सवलत मागून घ्यावी.

खरं कसब त्यानंतरचं. हेडमधली बारीक फट फितीला नेमकी काटकोनात हवी. वडिलांच्या यंत्राचं हेड थोडं कललेलं असेल तर इथलंही तेवढंच कलवावं लागतं. स्टुडिओवाले बारीक स्क्रू फिरवत कान देऊन बसतात ते ‘स’, ‘श’ आणि ‘च’कडे. हेड चुकलेलं असताना वक्ता तोंडावर रुमाल धरून बोलतोय असं वाटतं. अचूक जागा सापडली की ‘शब्द’मधला ‘श’ धारदार होतो. दोन्ही बाजू एकदम घेतल्या तरी हा कोन दोघींना जुळतो का, ते तपासावं लागतं. नाही जुळला तर सवलत विसरून दुसरी बाजू वेगळी वाजवायची. पुढे संगणकावर कितीही फिल्टर लावले तरी इथे हुकलेला ‘श’ परत येत नाही.

वेगाचं असंच. सेल उतरत असताना घेतलेलं भाषण आज वाजवलं की वक्ता हळूहळू घाईत आल्यासारखा वाटतो. रेकॉर्डर सेलवर असला तरी सभागृहातल्या अँप्लिफायरची गुणगुण मागे उमटलेली असते, आणि ती वीजपुरवठ्याच्या 50 आवर्तनांची किंवा त्याच्या दुपटीची. आज ती 54 वर ऐकू आली तर फीत तेवढी जोरात पळते आहे, असा अंदाज बांधता येतो. वीजही नेहमी बरोबर 50 वर नसायची, त्यामुळे शेवटचा निवाडा वडिलांचा आवाज ओळखणाऱ्या मुलीच्या कानाचा.

कोटेशन मागणाऱ्यांना एवढं सांगणं: स्पूल घरच्या जुन्या यंत्रावर ‘जरा बघू’ म्हणून चढवू नका, त्याचं रबर आणि ब्रेक आता भरवशाचे नसतात. खोक्यावरचं लिखाण काढून टाकू नका. स्टुडिओकडून साफसफाई न केलेली मूळ फाइल मागा, 24 बिट, 96 किलोहर्ट्झची वेव्ह. मोनो आवाजाची तासाला साधारण एक जीबी, म्हणजे 35 तासांना पस्तीस-छत्तीस. खरखर काढलेली प्रत हवी तर ती वेगळी घ्या. पेन ड्राइव्हवर विसंबू नका. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि काम झालं तरी स्पूल परत मागून घ्या.